अंग धरलंय पोरानं

तिसऱ्या महिन्याच्या भेटीला आजी मुद्दाम सोबत आल्या होत्या. नातवाच्या दंडावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या औषधाला गुण आहे बरं का. शांत तर झालाच, पण आता कसं अंग धरलंय पोरानं! आधी नुसती काडी होती." आई काही बोलली नाही. तिला मी पहिल्याच दिवशी एक छोटी वही घ्यायला सांगितलं होतं. तिनं ती उघडून माझ्यापुढे ठेवली. शेवटचा आकडा होता २४.१ किलो. तीन महिन्यांपूर्वी तो २१ होता.

आजी आणि वही, दोघींचं म्हणणं खरं होतं. रिस्पेरिडोन या औषधाची अडचणच ही आहे की त्याचा फायदा आणि त्याचं नुकसान एकाच वेळी, एकाच घरात, त्याच काही आठवड्यांत दिसतं. त्यातलं नुकसान आपल्याकडे बाळसं म्हणून साजरं होतं.

या मुलाला आपण ओम म्हणू. असा एकच ओम कुठे नाही. बाल-मानसोपचाराच्या माझ्या ओपीडीत गेल्या काही वर्षांत आलेल्या चार-पाच मुलांच्या कहाण्या मी इथं एकात गुंफल्या आहेत. ओम सात वर्षांचा, ऑटिझम असलेला. बोलणं दोन-तीन शब्दांपुरतं. लिफ्ट वेगळ्या मजल्यावर थांबली, शाळेच्या गाडीचा रस्ता बदलला, टीव्ही मध्येच बंद झाला की तो भिंतीवर डोकं आपटायचा, स्वतःच्या मनगटाला चावायचा, अडवायला येणाऱ्या आईलाही चावायचा. आईच्या हातावर दातांच्या खुणा होत्या. पूर्ण बाह्यांचा ब्लाउज ती त्यासाठीच घालायची, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

डॉक्टर याला 'चिडचिड' म्हणतात. मराठीत हा शब्द फारच मवाळ वाटतो. भूक लागली की आपण सगळेच चिडचिड करतो. इथं अर्थ आहे तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल असा आकांत, मारणं, ओरबाडणं, क्षणात पालटणारी मनःस्थिती. ते मोजायला पंधरा प्रश्नांची एक मोजपट्टी आहे. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण पंचेचाळीस. रिस्पेरिडोनच्या गाजलेल्या चाचणीत अठरा किंवा त्याहून जास्त गुण असलेल्या मुलांनाच घेतलं होतं. ओमचे पहिल्या दिवशी अठ्ठावीस भरले.

तरीही त्या दिवशी मी औषध लिहून दिलं नाही. जे मूल 'दुखतंय' असं सांगू शकत नाही, ते दुखणं वागण्यातूनच सांगतं. म्हणून आधी दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मागच्या दोन दाढा किडलेल्या निघाल्या. पोट तपासलं तर बद्धकोष्ठ होतं, चार-चार दिवस शौचाला होत नव्हतं. शिवाय विशेष शिक्षिकेनं आईला नोंद ठेवायला शिकवलं: आकांताच्या आधी काय घडलं, मुलानं काय केलं आणि त्यानंतर त्याला काय मिळालं. तीन आठवड्यांत दाढा भरल्या, पोट साफ व्हायला लागलं आणि गुण अठ्ठावीसवरून चोवीसवर आले. फरक पडला, पण चावणं तसंच होतं आणि कपाळावरचं टेंगूळ रोज नवं होत होतं. मग औषधाचा विषय काढला.

वडिलांनी घरी जाऊन मोबाइलवर नाव शोधलं आणि दुसऱ्या दिवशी फोन केला, "मॅडम, हे तर वेड्यांचं औषध आहे." असा फोन मला जवळजवळ प्रत्येक घरातून येतो आणि त्यात त्यांची काही चूक नसते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं रिस्पेरिडोनला १९९३ साली मान्यता दिली ती मोठ्या माणसांतल्या स्किझोफ्रेनियासाठीच. ऑटिझम असलेल्या मुलांमधल्या या तीव्र चिडचिडीसाठीची मान्यता २००६ साली आली. मधल्या काळातली महत्त्वाची चाचणी २००२ ची. पाच ते सतरा वर्षांची १०१ मुलं, आठ आठवडे; निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं द्रव्य. खरं औषध घेणाऱ्यांपैकी ६९ टक्के मुलांत ठळक सुधारणा झाली, दुसऱ्या गटात १२ टक्क्यांत. मुलांच्या मानसोपचारात एवढा मोठा फरक क्वचितच दिसतो.

त्याच चाचणीतला दुसरा आकडा घरच्यांना सांगायचा मात्र राहून जातो. त्या आठ आठवड्यांत औषध घेणाऱ्या मुलांचं वजन सरासरी २.७ किलोंनी वाढलं, दुसऱ्या गटाचं ०.८ किलोंनी. मी हे दोन्ही आकडे एकाच वाक्यात सांगते. आणि तिसरी गोष्ट: या औषधानं ऑटिझम जात नाही. बोलणं येत नाही, नजरेला नजर मिळत नाही. डोकं आपटणं थांबलं की शिकवायला जागा होते, एवढंच त्याचं काम.

आता डोसाबद्दल. लेबलवरचा हिशेब वजनावर आहे. वीस किलोंच्या आतल्या मुलाला दिवसाला ०.२५ मिलिग्रॅमनं सुरुवात, वीस किंवा त्याहून जास्त असेल तर ०.५ नं. किमान चार दिवसांनी तो दुप्पट करता येतो आणि मग किमान चौदा दिवस तिथेच थांबायचं. पुढची वाढही दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं आणि तितक्याच छोट्या पायरीनं. पंधरा किलोंखालच्या मुलांत विशेष जपून. ओम एकवीस किलोंचा, म्हणजे नियमानं ०.५. पण तो सीमारेषेच्या जेमतेम पलीकडे होता, आधी असं कुठलंच औषध घेतलेलं नव्हतं आणि आईला झोपेची भीती होती. म्हणून मी ०.२५ नं सुरुवात केली, रात्री झोपताना. चार दिवस लवकर गाठण्यात मला फारसा रस नसतो. या औषधाचा परिणाम दिसायला लागतो तो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात; घाईनं वाढवला तर मूल आधी गुंगतं आणि घरचे म्हणतात, "शांत झालाय." गुंगलेलं मूल आणि शांत झालेलं मूल यांतला फरक सकाळी दहा वाजता कळतो. शाळेत ते मान टाकून बसलंय की ठोकळे लावतंय, एवढं बाईंना विचारायचं.

०.२५ मिलिग्रॅम म्हणजे किती, हे मी प्रत्यक्ष करून दाखवते. पातळ औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम असतं, म्हणजे ओमचा डोस एका मिलिलिटरचा चौथा हिस्सा. पाच-सहा थेंब, चमच्याचा तळसुद्धा झाकत नाही. मुलांचं औषध म्हणजे पाच मिलिलिटरचा चमचा, असं आपल्या घराघरांत पक्कं बसलंय, आणि चूक होते ती तिथेच. माझ्याकडे एक आजोबा नातवाला घेऊन आले होते, तो दिवसभर उठतच नव्हता. चिठ्ठीवरचा दशांश टिंब त्यांना दिसला नव्हता आणि ०.२५ च्या जागी त्यांनी २.५ मिलिलिटर दिलं होतं, दहापट. तेव्हापासून मी डोस आकड्यात लिहिते, अक्षरात लिहिते आणि एक मिलिलिटरच्या बिनसुईच्या पिचकारीवर मार्करनं रेघही ओढून देते. रेघेच्या वर जायचं नाही.

ते पाण्यात, संत्र्याच्या रसात किंवा कमी सायीच्या दुधात घालून देता येतं. चहात मात्र नाही आणि कोलातही नाही, त्यांच्याशी या द्रव्याचं जमत नाही. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण जे मूल दुसरं काहीच घेत नाही ते आपल्याकडे बशीभर चहा हमखास घेतं आणि आईला तीच सोय वाटते.

गोळी घेणार असाल तर पट्टीवरचं नाव पूर्ण वाचा. आपल्या बाजारात रिस्पेरिडोनबरोबर ट्रायहेक्सिफेनिडिल एकत्र केलेल्या गोळ्या सर्रास मिळतात, नावापुढे बहुधा 'प्लस' असतं. दुसरं औषध स्नायूंच्या ताठरपणावरचं आहे. एवढ्या छोट्या डोसात त्याची बहुतेक मुलांना गरज नसते आणि त्यानं बद्धकोष्ठ वाढतं. ज्या मुलाचं पोट आपण तीन आठवडे खपून साफ केलं, त्याच्या पोटात ही गोळी गेली की आकांत परत येतो आणि दोष रिस्पेरिडोनच्या माथी जातो.

ओमचा पहिला आठवडा झोपेत गेला. सकाळी गाडीत पेंगायचा, रात्री लाळ गळायची, एकदा अंथरूण ओलं केलं. दुसऱ्या आठवड्यात डोस ०.५ केला, आणि संध्याकाळी शाळेतून आल्यावरचे दोन तास सर्वांत कठीण म्हणून तो विभागला: निम्मा सकाळी, निम्मा रात्री. चौथ्या आठवड्यात गुण पंधरावर आले. डोकं आपटणं दिवसातून आठ-नऊ वेळांवरून दोन-तीनवर. वडील म्हणाले, "मग अजून थोडं वाढवू या की, म्हणजे शून्यच होईल." मी थांबले. परिणामाची कमान अजून चढत होती आणि आठव्या आठवड्यात त्याच डोसावर गुण अकरा झाले. चाचण्यांत दिवसाला तीन मिलिग्रॅमपर्यंतही मजल गेलेली आहे, पण जे मूल अर्ध्या मिलिग्रॅमवर सावरतंय त्याला एकवर नेऊन मिळतं काय? बहुधा भूक. उलट सहा आठवडे पुरेशा डोसावर काढूनही काहीच फरक नसेल तर औषध चालू ठेवण्यात अर्थ नाही, असं इंग्लंडची मार्गदर्शक सूचना सांगते. मला ती पटते. औषध 'सुरू आहे म्हणून सुरू' राहतं, तेव्हा फायदा गेलेला असतो आणि वजन तेवढं उरतं.

आता पुन्हा त्या वहीकडे. पहिल्या पानावर: २१.० किलो, उंची ११८ सेंटिमीटर, बेंबीच्या पातळीला कमरेचा घेर, रक्तदाब. चौथ्या आठवड्यात २२.३, आठव्यात २३.४, बाराव्यात २४.१. या वयाचं मूल वर्षाला दोन-अडीच किलोंनी वाढतं, म्हणजे तीन महिन्यांत अर्धा-पाऊण किलो. ओमनं तीन किलो शंभर ग्रॅम कमावले, वर्षभराच्या हिश्श्याहून जास्त. त्यातले १.३ किलो पहिल्या चार आठवड्यांतले. हा पहिल्या महिन्याचा आकडा मला सर्वांत बोलका वाटतो. २००२ च्या चाचणीतल्या मुलांच्या वजनाचा पुढे सहा महिने मागोवा घेतला गेला. सरासरी वाढ पाच किलोंच्या वर गेली, वेग हळूहळू मंदावला, आणि शेवटी कोणाचं किती वाढेल याचा सर्वांत चांगला अंदाज पहिल्या महिन्याच्या वाढीवरूनच आला. म्हणजे तीन महिन्यांनी बघू म्हणणाऱ्यानं सावध व्हायची वेळ गमावलेली असते.

वजन घेण्याची रीतही सांगते, कारण चुकीच्या काट्यावरची नोंद नसलेलीच बरी. काटा तोच, वार तोच, सकाळी लघवीनंतर आणि खाण्याआधी, अंगात फक्त चड्डी-बनियन. मूल काट्यावर उभंच राहत नसेल तर आईनं त्याला कडेवर घेऊन उभं राहायचं आणि नंतर स्वतःचं वजन वजा करायचं. पण त्यात अर्ध्या किलोची चूक सहज होते. ओमला काट्यावरचे लाल आकडे आवडले. रविवारच्या चित्रांच्या तक्त्यात दात घासण्यानंतर काट्याचं चित्र चिकटवलं आणि प्रश्न मिटला. रक्तदाबाचा पट्टा मात्र त्याला अजिबात सोसायचा नाही. आठवडाभर घरी वडिलांच्या आणि अस्वलाच्या दंडाला पट्टा बांधून झाल्यावर त्यानं स्वतःहून हात पुढे केला.

हे वजन येतं कुठून? रिस्पेरिडोन मेंदूतल्या डोपामिनच्या काही कड्या बंद करतं, आकांत उतरतो तो मुख्यतः त्यामुळे. पण ते सेरोटोनिनच्या आणि हिस्टामिनच्या कड्यांनाही हात लावतं. 'पोट भरलं' हा निरोप मेंदूला त्यांतल्याच काहींच्या मार्फत पोचतो, तो आता पुसट होतो. मूल हावरट झालेलं नसतं. त्याला खरोखरच भूक लागलेली असते. ओम रात्री दहाला उठून फ्रिजचं दार उघडायचा. आधी दीड पोळी खाणारा मुलगा चार मागायला लागला आणि ज्या घरात 'खात नाही' याची सात वर्षं काळजी वाहिली, तिथं पाचवीही आनंदानं वाढली गेली.

त्यात ऑटिझम असलेल्या मुलांचं खाणं आधीच मोजक्या पदार्थांवर आलेलं असतं. ओमचं जग म्हणजे पांढरा भात, पोळी-साखर, बटाट्याचे वेफर्स आणि एकाच ब्रँडचं बिस्कीट. भाजीचा वाससुद्धा चालत नाही. अशा मुलाला आहाराचा छापील तक्ता देणं म्हणजे आईच्या हातात आणखी एक अपयश देणं. शिवाय थेरपीतलं बक्षीसही खाण्याचंच. "बस" म्हटल्यावर बसला की एक वेफर, बोट दाखवलं की चॉकलेटची गोळी. एका दुपारी मी आईला ते मोजायला सांगितलं: तासाभरात अठरा वेफर्स आणि अकरा गोळ्या.

म्हणून आम्ही चव बदलायला गेलो नाही. माप आणि वाट बदलली. मोठ्या पाकिटाऐवजी छोटं पाकीट, डबा नजरेआड, फ्रिजला मुलांच्या कुलपाची पट्टी. सरबत आणि पॅकेटमधला रस बंद, पाणी त्याच्या आवडीच्या निळ्या बाटलीतून. पोळी-साखरेतली साखर आठवड्याला पाव चमच्यानं कमी, इतकी हळू की त्याला कळू नये. थेरपीत वेफरच्या जागी फिरणारा भोवरा आणि दहा सेकंद साबणाचे फुगे. जेवणाच्या चार वेळा चित्रांवर लावल्या आणि ओमसारख्या मुलांचा सगळ्यांना जाचणारा हट्ट, जे ठरलं तेच झालं पाहिजे, इथं कामी आला. चित्रात नाही ते खाणं नाही. तीन आठवड्यांत तो स्वतःच रात्री फ्रिजपाशी जाऊन चित्र तपासून परत यायला लागला.

आजींना समजावणं जास्त कठीण गेलं. "चार घास जास्त खाल्ले तर काय बिघडलं? वाढतं वय आहे." मी त्यांना पुण्यातली गोष्ट सांगितली. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघंही अंगानं साधारण सारखे, उंची-वजनाचं गुणोत्तरही तंतोतंत तेच, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. वरून बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी आत दडून असते आणि मधुमेह त्या वाटेनं लवकर येतो. म्हणून भारतीय बालरोग संघटनेनं २०१५ च्या वाढीच्या तक्त्यांत जादा वजनाची आणि लठ्ठपणाची रेघ मोठ्या माणसांच्या २३ आणि २७ ला जुळवून घेतली, परदेशी तक्त्यांसारखी २५ आणि ३० ला नाही. ओमचं गुणोत्तर तीन महिन्यांत १५.१ वरून १६.९ वर गेलं होतं. बघणाऱ्याला तो सुदृढ दिसत होता, पण तक्त्यावरचा त्याचा ठिपका जुनी रेघ सोडून वर चालला होता. मी आजींच्या हातात पेन्सिल देऊन त्यांच्याकडूनच तो ठिपका काढून घेतला.

रक्ततपासणी औषधाआधी एकदा, तिसऱ्या महिन्याला एकदा आणि पुढे मुलाच्या वजनानुसार. उपाशीपोटी साखर, चरबीचे घटक, यकृताचं एक एन्झाइम. मी एचबीए-वन-सी सुद्धा घेते, कारण उपास मोडला गेला तरी ती तपासणी चालते. उपास म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर फक्त पाणी आणि सकाळी लॅबचा पहिला नंबर. दहा वाजता बोलावलं तर ऑटिझम असलेलं भुकेलं मूल आणि गर्दीचा हॉल, या दोन्हींचा राग सुईवर निघतो. टोचण्याच्या जागी तासभर आधी बधिरतेचं मलम लावून वर प्लास्टिकची पट्टी चिकटवायची. सगळं एकाच टोचण्यात.

ओमची साखर ८८ वरून ९४ झाली, म्हणजे शंभराच्या आत, ठीक. पण ट्रायग्लिसराइड ७८ वरून ११८ वर गेलं होतं. दहा वर्षांखालच्या मुलात शंभर म्हणजेच जास्त. साखर ही शेवटी बिघडणारी गोष्ट आहे. चरबी आणि कमरेचा घेर आधी बोलतात. त्याहून आधी कधी कधी मान बोलते. मानेच्या मागे, काखेत कातडी काळपट आणि मखमलीसारखी जाड दिसायला लागली तर तो मळ नसतो, इन्सुलिनचा जोर कमी पडत असल्याची ती खूण असते. एका आईनं ती मान दगडानं घासून लाल केली होती.

या टप्प्यावर काही डॉक्टर मेटफॉर्मिन सुरू करतात आणि त्याला आधार आहे. अशी औषधं घेणाऱ्या ऑटिझमच्या साठ मुलांवरची २०१६ साली प्रसिद्ध झालेली सोळा आठवड्यांची चाचणी सांगते की मेटफॉर्मिननं वाढतं वजन आटोक्यात येतं. पण त्यानं पोट बिघडतं आणि ओमचं पोट आम्ही नुकतंच जागेवर आणलं होतं. आम्ही खाण्याच्या बदलांना तीन महिने दिले. सहाव्या महिन्याला वजन २४.६ आणि ट्रायग्लिसराइड ९६. तीन महिन्यांत फक्त अर्धा किलो, म्हणजे वाढ पुन्हा वयाच्या चालीवर आली. ती आली नसती तर मेटफॉर्मिन किंवा औषधच बदलणं, हे दोन रस्ते होते. एरिपिप्राझोलला याच कारणासाठी २००९ साली मान्यता मिळाली. त्यानंही वजन वाढतं, पण बहुधा थोडं कमी.

वजनाच्या नादात दोन गोष्टी नजरेतून सुटू नयेत. औषध सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर मूल एका जागी टेकेनासं झालं, सारखं येरझारा घालू लागलं, तर घरचे म्हणतात, "आजार वाढला, डोस वाढवा." कित्येकदा ती औषधानंच आणलेली अस्वस्थता असते आणि डोस कमी करणं हा तिचा उपाय. आणि मान एका बाजूला वळून अडकली, डोळे वर चढले किंवा तापाबरोबर अंग ताठ झालं तर सकाळची वाट न बघता तातडीच्या विभागात जायचं, औषधाची बाटली सोबत घेऊन. मुलाच्या छातीला फुगीरपणा आला किंवा दूधासारखा स्राव दिसला तर प्रोलॅक्टिन तपासायचं. हे औषध ते संप्रेरक वाढवतं.

आता सगळ्यांचा शेवटचा प्रश्न: "किती दिवस?" २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा महिने औषधानं बऱ्या असलेल्या मुलांपैकी काहींचं औषध त्यांना न कळता हळूहळू बंद केलं. त्यांतल्या ६२.५ टक्के मुलांत आकांत परत आला. ज्यांचं चालू राहिलं त्यांत १२.५ टक्क्यांत. म्हणजे घाईनं बंद करणं धोक्याचं, पण प्रत्येक तीन मुलांमागे एकाहून जास्त मुलांना त्या घडीला औषधाची गरज उरलेली नव्हती. हा शोध घेतल्याशिवाय लागत नाही. आणि मध्येच एका दिवसात थांबवायचं नाही, त्यानं हात-तोंडाच्या विचित्र हालचाली सुरू होऊ शकतात.

ओमचा डोस आम्ही वर्षानं ०.५ वरून ०.२५ वर आणून पाहिला, मे महिन्यात. ती माझी चूक. सुट्टीत शाळा नव्हती, गाडी नव्हती, पाहुणे होते आणि तिसऱ्या आठवड्यात मनगटावर दात उमटले. ते औषध कमी झाल्यानं की दिनक्रम मोडल्यानं, हे सांगायला काही मार्गच उरला नाही. पुन्हा ०.५. आता पुढचा प्रयत्न दिवाळीनंतर, शाळा सुरू होऊन पंधरा दिवस गेले की, जेव्हा घरात काहीच नवं घडत नसेल. आजींनी वहीत तारीख घातली आहे, आणि त्या वेळी फराळाचे डबे माळ्यावर जातील असंही.